चौघांचा समान सहभाग

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला ई-मेल पाठवून आपल्या गटप्रकल्पाच्या गुणांवर आक्षेप घेतला. गुरुवारी दुपारी तिने तो मागे घेतला. गुण बदलले नाहीत.

त्या वर्षी मी जळगावला पत्रकारिता विभागात संशोधक विद्यार्थी होतो आणि शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे शिक्षण सहायक म्हणून काम करत होतो. त्याआधी काही वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. सहायकाचे काम म्हणजे मुलांच्या उपक्रमांवर देखरेख ठेवणे, प्रकल्प पहिल्यांदा तपासणे, ठरलेल्या निकषांप्रमाणे गुण मांडणे आणि तो कागद विषय शिकवणाऱ्या मॅडमकडे देणे. मॅडम तपासून सही करत. त्यानंतर यादी सूचनाफलकावर लागे. शुक्रवारपर्यंत कोणाचा आक्षेप आला नाही, किंवा आलेला निकाली निघाला, की गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरले जात. एकदा भरले की ते विभागाच्या हातात राहत नसत.

प्रकल्पाचा विषय मॅडमनी दिला होता. पूर्व आणि पश्चिम असे खानदेशाचे दोन जिल्हे झाले ते १९०६ साली. तेव्हापासून १९४७ पर्यंत इथल्या माणसांचे रोजचे जगणे कसे होते, ते म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून जमा करायचे. चाळीसच्या दशकातले स्वतःचे आठवणारे लोक तेव्हा बऱ्यापैकी होते. त्याआधीचे त्यांनी आपल्या आईवडिलांकडून ऐकलेले होते. प्रत्येक गटाने सहा मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, बोललेले शब्द न् शब्द कागदावर उतरवायचे, शेजारी प्रमाण मराठीत अर्थ द्यायचा, आणि त्यावर अहवाल लिहायचा.

या गटात चौघे होते. आक्षेप घेणारी मुलगी धुळ्याची. दुसरी मुलगी वरणगावची. दोन मुलगे, एक पाचोऱ्याचा आणि एक पहूरचा. कामाची वाटणी त्यांनी बोलीप्रमाणे केली होती आणि ती योग्य होती. धुळ्याकडची अहिराणी आणि जामनेर तालुक्यातले बोलणे यांत फरक आहे. धुळ्याच्या मुलीने पहूरच्या म्हाताऱ्याचे ध्वनिमुद्रण ऐकले तर अर्थ कळेल, पण शब्द जसाच्या तसा लिहिताना ती चुकेल. म्हणून धुळ्याच्या दोन मुलाखती तिने उतरवायच्या, वरणगाव आणि पाचोऱ्याची एकेक त्या त्या गावच्या मुलीने आणि मुलाने, आणि पहूरच्या दोन पहूरच्या मुलाने. त्यातली एक मुलाखत त्याच्या स्वतःच्या आजोबांची होती. सगळे त्यांना आबा म्हणत.

जानेवारीत चौघे पहूरला गेले. ध्वनिमुद्रण झाले. त्यानंतर मुलाच्या शेतावर भरीत झाले. आमच्याकडे थंडीत पाहुणे आले की शेतावर काट्याकुट्या पेटवून त्यावर वांगी भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर खातात. घरातल्या बायकांनी भाकरी करून पाठवल्या होत्या. मुलींना निघताना शेंगा आणि हरभऱ्याची जुडी मिळाली. पुढे मला हे चौघांनीही वेगवेगळे सांगितले, न विचारता सांगितले, म्हणून इथे नोंदवले.

त्यानंतर पहूरच्या मुलाने काम केले नाही. घरात आजारपण नव्हते, शेतात अडचण नव्हती. तो क्रिकेट खेळत होता, दोन लग्नांना गेला होता, एका मामेभावाच्या मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी बसत होता. गटातल्या कोणाशी त्याचे भांडण नव्हते. कोणी विचारले की तो म्हणे, रविवारी बसतो. प्रकल्प द्यायच्या आदल्या दिवशी त्याने दोन्ही मुलाखतींचे अर्ध्या अर्ध्या पानाचे सारांश पाठवले. प्रमाण मराठीत. आबांचा एकही शब्द त्यात आबांचा नव्हता.

अहवालाच्या शेवटच्या पानावर एक तक्ता भरायचा होता. गटातल्या प्रत्येकाने कोणते काम केले, त्याचा वाटा किती, आणि खाली चौघांच्या सह्या. सह्यांच्या वर छापलेले वाक्य होते की ही माहिती खरी आहे. तो तक्ता त्यांनी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून भरला. चौघांच्या नावापुढे पंचवीस टक्के लिहिले. पहूरच्या मुलाच्या नावापुढे ‘दोन मुलाखतींचे शब्दांकन’ असे लिहिले. ते धुळ्याच्या मुलीच्या अक्षरात होते.

मी गुण मांडले ते असे. मुलाखती आणि ध्वनिमुद्रण, दहापैकी आठ. शब्दांकन, दहापैकी चार. संदर्भ आणि विवेचन, दहापैकी पाच. मांडणी, पाचपैकी दोन. सादरीकरण, पाचपैकी तीन. एकूण चाळीसपैकी बावीस. सगळ्या मुलाखती शब्दशः उतरवलेल्या नसतील तर शब्दांकनाला चारपेक्षा जास्त गुण द्यायचे नाहीत, असे निकषातच होते. विवेचनातही पहूरचा भाग रिकामा होता, त्यामुळे एक गुण गेला असेल. तक्त्यात वाटा समान असल्याने गुण गटाचे होते. चौघांना बावीस.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा असेल तर या विषयात चाळीसपैकी किमान चोवीस अंतर्गत गुण लागत. ज्यांना नसतील त्यांनी दोन लेखी विषय घ्यायचे. गटातल्या बाकी तिघांना लघुप्रबंध नकोच होता. धुळ्याच्या मुलीला हवा होता. याच आठवणींचे काम तिला पुढे न्यायचे होते. साक्री आणि शिरपूरकडच्या काही म्हाताऱ्या माणसांशी तिने बोलून ठेवले होते. पहूरच्या आबांकडेही तिला पुन्हा जायचे होते, कारण पहिल्या वेळी त्यांचे निम्मेच बोलणे झाले होते. डिसेंबरपासून तिने मला याबद्दल तीनदा तरी विचारले होते. वर्ग संपल्यावर दारात थांबायची आणि विचारायची, “सर, लघुप्रबंधाला ध्वनिमुद्रण जोडता येतं का, की नुसतं लिखाण?” मी म्हणालो होतो, जोडता येते.

तिचा ई-मेल असा होता. विषयाच्या ओळीत ‘गटप्रकल्पाच्या गुणांबाबत विनंती’ आणि गटाचा क्रमांक.

“आदरणीय सर, सूचनाफलकावरील यादीत आमच्या गटाला चाळीसपैकी बावीस गुण दिसतात. घटकनिहाय गुण कळवावेत ही पहिली विनंती. शब्दांकनात पहूरच्या दोन मुलाखती शब्दशः दिलेल्या नाहीत हे आम्हाला मान्य आहे. ते काम गटातील एका सदस्याकडे होते आणि ते वेळेत झाले नाही. उरलेल्या चार मुलाखती पूर्ण उतरवलेल्या आहेत. अहवालाची फाइल आम्ही सामायिक ठेवली होती. कोणी केव्हा किती मजकूर घातला याची नोंद तिच्यात आपोआप राहते, त्याची पडद्यावरून घेतलेली चित्रे (स्क्रीनशॉट) सोबत जोडली आहेत. गटाच्या संदेशांतील तीन स्मरणपत्रेही जोडली आहेत. तक्त्यात आम्ही चौघांचा सहभाग समान लिहिला आहे, तो वस्तुस्थितीला धरून नव्हता. शब्दांकनाच्या गुणांचा विचार व्यक्तिनिहाय व्हावा ही दुसरी विनंती. सदस्यावर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही.”

खाली नाव आणि हजेरी क्रमांक. सोबत पाच चित्रे.

उपसंपादक म्हणून मी बरीच पत्रे वाचली होती. वाचकांची, बातमीदारांची, तक्रारींची. हे पत्र त्यांतल्या बहुतेकांपेक्षा चांगले होते. काय घडले, पुरावा काय, मागणी काय, एवढेच होते. सदस्याचे नाव मजकुरात नव्हते, पण चित्रांत दिसत होते. फाइलच्या नोंदीत तिच्या नावाचा रंग पानभर होता, पाचोऱ्याच्या आणि वरणगावच्या मुलांचे रंग मधून मधून होते, आणि पहूरच्या मुलाचा रंग एकाच दिवशी, दोन ठिकाणी. सगळ्यात महत्त्वाचे वाक्य तक्त्याचे होते. ते लिहा असे तिला कोणी सांगितले नव्हते.

मी तासाभरात उत्तर पाठवले. घटकनिहाय गुण दिले. गुण बदलण्याचा अधिकार मला नाही, आक्षेप मॅडमपुढे ठेवावा लागेल, त्याआधी गटातल्या इतरांचे म्हणणे ऐकावे लागेल, आणि त्यासाठी तुझे पत्र त्यांना दाखवावे लागेल, चालेल का, असे विचारले. शुक्रवारी पोर्टलवर गुण जातील हेही लिहिले. तिचे उत्तर एका शब्दाचे होते. “दाखवा.”

मंगळवारी दुपारी चौघे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आले. विभागात तीच एक खोली होती जिचे दार नीट लागत असे. मी पत्राच्या प्रती दिल्या. पाचोऱ्याच्या मुलाने आधी वाचून संपवले आणि प्रत टेबलावर पालथी ठेवली.

“भरताच्या दिवशी तिसरी भाकरी मागितली तेव्हा हे पंचवीस टक्के आठवले नाहीत का, ताई?”

“भाकरी आबांच्या घरची होती,” ती म्हणाली. “लिखाण गटाचं होतं.”

“एवढं मोजून खातं का कोणी?”

“मी खाणं मोजत नाहीये. तू मोजतोयस.”

मी वरणगावच्या मुलीला विचारले की तक्त्यातले बरोबर आहे की पत्रातले.

“मी सही केली आहे, सर.”

“ते मी पाहिलं. बरोबर कोणतं?”

“सही केली म्हणजे आता तेच बरोबर म्हणावं लागेल ना.” ती म्हणाली, “आम्ही त्यांच्या घरी जेवलो. काकूंनी माझ्या डब्यात ठेचासुद्धा घालून दिला. त्यांच्या पोराच्या नावापुढे शून्य कसं लिहायचं?”

“शून्य कोणी म्हटलं नव्हतं,” धुळ्याची मुलगी म्हणाली. “दहा लिहू म्हटलं होतं मी. पायऱ्यांवर. तुम्ही दोघं म्हणालात, जाऊ दे, लिहून टाक.”

“आणि लिहिलं कोणी?” पाचोऱ्याच्या मुलाने विचारले.

“मी.”

पहूरचा मुलगा अजून प्रत वाचत होता. चित्रे तो बोट ठेवून पाहत होता. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, “तिचं खरं आहे, भाऊ.” वर्गात तो मला सर म्हणत असे, बाहेर भाऊ. “मी काही केलं नाही. वांगी भाजली तेवढी.”

पाचोऱ्याचा मुलगा हसला. बाकी कोणी हसले नाही.

“का नाही केलंस?” मी विचारले.

“काय सांगू. आबा घरातच असतात. रोज समोर खाटेवर. आज नाही तर उद्या विचारू, लिहू, असं होत गेलं. बाहेरचा माणूस असता तर गाठावा लागला असता. हे तर घरचंच.” मग तो म्हणाला, “दुसरं काही कारण नाही. मले जमलंच नाही असंही नाही. बसलोच नाही.”

“हे लिहून देशील?”

“देतो. माझे कापा आणि तिला द्या.”

“गुण असे एकाचे कापून दुसऱ्याला देता येत नाहीत.”

“मग माझे नुसते कापा.”

त्याने तिथेच वहीचे पान फाडून चार ओळी लिहिल्या आणि सही केली. मुलगी त्याच्याकडे पाहत नव्हती. खोलीबाहेर पडताना पाचोऱ्याचा मुलगा तिला म्हणाला, “घ्या, झालं तुमच्या मनासारखं.”

मला वाटले होते की प्रश्न सुटला. पुरावा होता, आक्षेप होता, आणि ज्याच्याबद्दल आक्षेप त्याची कबुली होती. बातमी असती तर मी ती त्याच रात्रीच्या आवृत्तीत घेतली असती. बुधवारी सकाळी मी सगळे कागद मॅडमपुढे ठेवले.

मॅडमनी पत्र दोनदा वाचले. मग तक्ता मागितला, सह्यांवरच्या छापील वाक्यावर पेन्सिलीने खूण केली आणि प्रकल्पाच्या नियमांचे पुस्तक काढले. त्यातला नियम मला माहीत होता, पण असा कधी लावून पाहिला नव्हता. सहभागाबाबत खोटी माहिती दिल्याचे आढळले तर प्रकल्प रद्द धरायचा, प्रकरण परीक्षा समितीकडे द्यायचे, आणि संबंधित विद्यार्थ्यांचा या विषयाचा निकाल राखून ठेवायचा.

“संबंधित विद्यार्थी कोण?” त्यांनी विचारले.

“पहूरचा मुलगा.”

“सही त्याची एकट्याची आहे का?”

तक्त्यावर सह्या चार होत्या.

“ज्याने काम केलं नाही त्याने खोटी सही केली, आणि ज्यांनी केलं त्यांनीही खोटी सही केली. तिने तर स्वतः लिहून कळवलं आहे. मी हे पत्र स्वीकारलं तर चौघांचा निकाल अडकतो. तिचाही.” त्या कठोर बोलत नव्हत्या. “दहा टक्के असं तेव्हाच लिहिलं असतं तर मी तिला सव्वीस दिले असते. व्यक्तिनिहाय गुण देण्यासाठीच तर तो तक्ता आहे. नाहीतर कशासाठी आहे?”

“ते वाक्य तिने लिहिलं नसतं तर?”

“तर तिची चित्रं एका बाजूला आणि तिचीच सही दुसऱ्या बाजूला. मी सही धरली असती. गुण बावीसच.” मग त्यांनी विचार करून म्हटले, “पण निदान निकाल अडकला नसता. तिला सांगा, ते वाक्य काढून पुन्हा पाठवायचं असेल तर पाठव. आधीचं मी पाहिलं नाही असं धरते. किंवा पत्र मागे घे. किंवा तसंच राहू दे, मी समितीकडे पाठवते. समिती जूनच्या आत बसत नाही.”

लघुप्रबंधाची नोंदणी जूनच्या पहिल्या आठवड्यात होत असे. निकाल राखून ठेवलेल्या विद्यार्थ्याला नोंदणी करता येत नसे. म्हणजे तिसऱ्या मार्गाने तिच्या हाती काही लागण्याआधीच ती मुदत निघून गेली असती, आणि तिच्याबरोबर बाकी तिघांचे वर्षही लांबले असते.

दुपारी मी तिला हे सांगितले. विभागाच्या मागे निंबाखाली दोन बाक होते, तिथे. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“म्हणजे मी खरं लिहिलं म्हणून?”

“तक्ता खोटा लिहिला म्हणून.”

“ते तर मीच सांगितलं.”

“हो.”

“मन्हं काय चुकनं, ते तरी नीट सांगा.” रागात किंवा विचारात असली की ती अहिराणीत बोलत असे आणि लगेच प्रमाण मराठीत येत असे. “तक्त्यात दहा लिहायचं होतं, ते चुकलं. कळलं मला. पण भरीत खाऊन आल्यावर कोणी लिहिलं असतं, सर? तुम्ही लिहिलं असतं?”

मी पुन्हा पत्रावर आलो.

“ते वाक्य काढून पाठव,” मी म्हणालो. “निकाल तरी वेळेत लागेल.”

“ते वाक्य काढलं तर बाकीचं पत्र खोटं होतं. मग मी तीच सही पुन्हा केली असं होईल.” मग तिने विचारले, “वरणगावच्या हिचा निकाल अडकला तर?”

“तिचं वर्ष लांबेल.”

“वर्ष लांबलं तर तिच्या घरचे तिला पुढे शिकायला पाठवणार नाहीत. तिने मला सांगितलंय.”

ती उठली. “उद्या कळवते,” म्हणाली.

गुरुवारी दुपारी तिचा दुसरा ई-मेल आला. त्यात दोनच वाक्ये होती. सोमवारच्या पत्रातील आक्षेप मी मागे घेत आहे. पत्रातील मजकूर मात्र खरा आहे. मॅडमनी दुसऱ्या वाक्यावर काही म्हटले नाही आणि कागद फायलीत लावला. पहूरच्या मुलाची चार ओळींची कबुली त्यांनी मला परत दिली. शुक्रवारी मी गुण पोर्टलवर भरले. चार नावे, चार वेळा बावीस.

त्यानंतर तो गट एकत्र बसलेला मी पाहिला नाही. पाचोऱ्याचा मुलगा तिला पाहून रस्ता बदलत असे. वरणगावची मुलगी तिच्याशी बोलत असे, पण वर्गात दुसऱ्या रांगेत बसू लागली. भरताचा उल्लेख कोणी केला की विभागात सगळे एकमेकांकडे पाहत. एप्रिलमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ झाला तेव्हा जेवणात भरीत होते. ती जेवायला थांबली नाही. धुळ्याची बस आहे म्हणून गेली. बस साडेपाचची होती आणि तेव्हा दोन वाजले होते.

मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, पहूरचा मुलगा विभागात आला. हातात निळी फाइल होती. दोन्ही मुलाखती त्याने उतरवल्या होत्या. हाताने, रेघांच्या कागदावर, डाव्या बाजूला बोललेले आणि उजव्या बाजूला प्रमाण मराठी. कुठे आबा थांबले, कुठे खोकले, कुठे बाजूने आजी काही म्हणाली, तेही कंसात होते. पहिल्या ध्वनिमुद्रणात नसलेला भागही होता. त्यासाठी तो आबांजवळ पुन्हा बसला होता.

मी फाइल तिथेच वाचली. आबा पोरवयात पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या छोट्या गाडीने प्रवास करत. चढावर ती इतकी हळू चाले की मुले उतरून शेजारच्या शेतातल्या शेंगा तोडत आणि पुढे पुन्हा चढत. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना, म्हणून घरात करडीच्या तेलाचा दिवा, तोही भाकरी होईपर्यंतच. जिनिंगात कापूस घेऊन गेलेले बापे गाडीखालीच झोपत आणि सकाळी भाव कळला की मग तोंड धूत. सरकी चोरली म्हणून एका पोराला मुकादमाने दिवसभर वजनकाट्यापाशी उभे केले होते. तो पोरगा म्हणजे आबाच. हे सगळे आबांच्या शब्दांत, जसे बोलले तसे.

“हे आता घेता येतं का, भाऊ?” त्याने विचारले.

“पोर्टल बंद झालं.”

“मॅडमना विचारून?”

“मॅडमच्याही हातात नाही.”

त्याने मान हलवली. हे त्याला आधीच माहीत असावे. “मग तिला द्यायचं होतं. ती येणारे ना आज, गुणपत्रिकेच्या अर्जाला?”

ती आली. आम्ही तिघे व्हरांड्यात होतो. त्याने फाइल पुढे केली आणि सांगितले की ही आबांची आहे, पूर्ण. तिने ती उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. चारपाच पाने झाल्यावर ती कठड्याला टेकली. मुलगा बाजूला सरकून झाडाकडे पाहत उभा होता. रेल्वेगाडीचा भाग आला तेव्हा ती किंचित हसली असे मला वाटले, पण मी खात्रीने सांगू शकत नाही.

शेवटी तिने फाइल बंद केली.

“हाई बठ्ठं तुले येत व्हतं,” ती म्हणाली. “सगळं.”

“हो.”

“जानेवारीतच येत होतं.”

“हो. येत होतं.”

तिने फाइल त्याला परत दिली. तो म्हणाला, “ठेव तू. तुझ्यासाठीच आणली.” ती म्हणाली, “आबांच्या घरात राहू दे. माझ्याकडे ठेवून मी काय करू?” त्याने फाइल मोटारसायकलच्या पिशवीत घातली. गाडी सुरू करण्याआधी तो तिला म्हणाला, “आबा विचारतात. ती धुळ्याची पोरगी परत येणार होती ना, म्हणतात. निम्मंच झालं, म्हणतात.”

“त्यांना सांग, येईन.”

“केव्हा म्हणून सांगू?”

ती म्हणाली, “नुसतं येईन म्हणून सांग.”

निकाल वेळेत लागला. चौघे उत्तीर्ण झाले. धुळ्याच्या मुलीला लेखी परीक्षेत वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे गुण होते. अंतर्गत बावीस. मॅडमनी तिला एकदा बोलावून घेतले आणि अट शिथिल करता येईल का याची विचारणा विद्यापीठाला पाठवली. उत्तर आले की नियमात तशी तरतूद नाही. मॅडमनी ते पत्र मला वाचायला दिले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. ती दुसऱ्या दिवशी आली. अर्जात दोन चौकटी होत्या, लघुप्रबंध आणि लेखी विषय. तिने पेन घेऊन दुसऱ्या चौकटीत खूण केली, जाहिरात आणि जनसंपर्क हे दोन विषय लिहिले, आणि सही करण्याआधी पूर्ण अर्ज वरपासून खालपर्यंत वाचून काढला. साक्री आणि शिरपूरच्या माणसांचे काय, असे मी विचारले.

“कळवलं त्यांना,” ती म्हणाली. “यंदा जमणार नाही म्हणून.”

त्या वर्षी विभागात लघुप्रबंधासाठी सहा विषयांची नोंद झाली. सत्तेचाळीसपूर्वीच्या आठवणींचा विषय त्यांत नव्हता.